निळी ओळ

संध्याकाळी बाबांच्या आधी रॉकेलचा वास घरात यायचा आणि त्याच्यामागून बाबा. ऑफसेट मशीनची शाई साबणाला दाद देत नाही, ती रॉकेलच्या फडक्यानेच पुसावी लागते. त्यामुळे बाबांनी पहिला घास घेईपर्यंत आई त्यांच्या हातांकडे संशयाने बघत असे. आम्ही गिरगावातली एक खोली सोडून भाईंदर पूर्वेला नवघरच्या बाजूला दोन खोल्यांत आलो होतो आणि ही दुसरी खोली म्हणजे आपण राजवाडा बांधला अशा थाटात बाबा ती येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. समोरच्या रस्त्यापलीकडे गाळे होते. तिथे दिवसभर स्टीलची पातेली, डबे, वाट्या ठोकल्या जात. त्या ठणठणाटाची इतकी सवय झाली होती की गाळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी मला अभ्यास सुचत नसे. त्यातल्याच एका गाळ्यात बाबा कामाला होते ती प्रेस होती. बाबा तिथले मशीनमन, म्हणजे लग्नपत्रिकेपासून औषधाच्या खोक्यापर्यंत जे काही छापलं जाईल, त्याचा रंग जुळला की नाही हे ठरवणारा माणूस. घरी मात्र रंग जुळवायचं काम आईकडे होतं. माझ्या ड्रेसवर कुठली ओढणी जाते हे तिने बाबांना कधीच ठरवू दिलं नाही.

आई बालवाडीत शिकवायची. जुन्या गावातल्या देवळामागे तिची खोली होती आणि तिच्यात आगऱ्यांची पोरं, मारवाड्यांची पोरं, उत्तर प्रदेशातून आलेल्या दूधवाल्यांची पोरं एकाच सतरंजीवर बसत. घरी मराठीचा एक शब्द ऐकू न येणारं मूल दिवाळीपर्यंत तिच्याकडे भांडणसुद्धा मराठीत करायला लागायचं. तिला त्याचा अभिमान होता. नसता तरच नवल. म्हणूनच अमेरिकेतून ताईचा फोन आला की तिची जी अवस्था व्हायची, ती मला बघवत नसे. ताई म्हणजे माझी मोठी बहीण वैजयंती. लग्न करून ती तिकडे गेली आणि तिला ईरा झाली. रविवारी सकाळी आमचे पोहे गॅसवर असताना तिकडे शनिवारची संध्याकाळ असायची आणि फोन यायचा. ताईशी बोलून झालं की रिसीव्हर ईराच्या कानाला लागे. आई इकडून म्हणायची, "ईराबाई, मी आजी! काय करतेस गं बाळा?" तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मग तो श्वास लांब जाई आणि एक बारीक आवाज म्हणे, "मम्मी, शी इज सेइंग समथिंग." आईला इंग्रजी बेताचंच यायचं, पण एवढं तिला नीट कळायचं. फोन ठेवून ती पोह्यांवर झाकण घालायची आणि स्वतः न खाताच ओटा पुसायला घ्यायची.

जावई तमिळ. नाव सुब्रमण्यम, सगळे त्यांना सुब्बू म्हणत आणि जावयाला नुसतं नाव घेऊन कशी हाक मारायची म्हणून आई त्यांना सुब्बूराव म्हणायची. या नावावर ताई आणि मी पोट धरधरून हसलो आहोत. घरात ताई मराठी, सुब्बूराव तमिळ आणि दोघांची समाईक भाषा इंग्रजी. मग मूल इंग्रजी बोलणार नाही तर काय करणार? ताईने इथून गोष्टींची पुस्तकं नेली होती, पण ती इथल्या मुलांसाठी. पानभर बारीक मजकूर, मोट, बैल, पाटाचं पाणी. ताई फोनवर म्हणाली, "आई, एका वाक्यात मला चार गोष्टी समजावून सांगाव्या लागतात. तोवर ती उठून जाते." आईने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बालवाडीतून येताना ती कोरे कागद घेऊन आली. "मीच लिहिते," ती म्हणाली. "त्यात काय एवढं!"

त्यात खूप काही होतं, हे आम्हाला हळूहळू कळलं. आईने पहिली गोष्ट लिहिली ती विहिरीवरच्या चिमणीची. ताईने विचारलं, ईराने विहीर कुठे बघितलीय? मग आईने नियम केला की त्या मुलाच्या तिकडच्या घरात जे आहे तेच गोष्टीत येईल. कपाट, बूट, जिना, खिडकी, दिवा. एका पानाला एकच वाक्य. ते वाक्य पोळी लाटता लाटता एका दमात म्हणता आलं पाहिजे, नाही आलं तर कापायचं. पहिल्या पुस्तकांत जोडाक्षर नको, कारण पुढेमागे मूल स्वतः वाचायला बसलं तर तिथेच घोडं अडायचं. शब्द पुन्हा पुन्हा आले पाहिजेत, पण प्रत्येक वेळी काहीतरी नवं घडलं पाहिजे. शिवाय पानं सोळाच. बाबांनी एक मोठा कागद घेतला, घडीवर घडी घातली, कडा कापल्या, मधोमध दोन पिना मारल्या आणि ते इवलंसं कोरं पुस्तक आईच्या हातात दिलं. "एका कागदात एवढंच मावतं. गोष्ट सतराव्या पानावर गेली तर तुमचं तुम्ही बघा." आई चिडली, पण तिच्या गोष्टी त्या घडीनेच सुधारल्या असं माझं मत आहे. चित्रं मी काढायची. मी तेव्हा कॉलेजात नुकती गेले होते आणि आपल्याला इंग्रजी फार छान येतं, असा माझा समज होता, म्हणून इंग्रजी ओळीही मीच लिहायच्या.

प्रत्येक पानावर तीन ओळी असत. वर देवनागरी. तिच्याखाली तीच मराठी ओळ रोमन अक्षरांत, बारीक, कारण सुब्बूरावांना देवनागरी वाचता येत नव्हती. त्याखाली इंग्रजी. ही तिसरी ओळ शब्दाला शब्द ठेवून चालत नसे, इंग्रजीतही ती गोष्टच वाटली पाहिजे, आणि आजी, वरण-भात, कानटोपी असले शब्द तसेच ठेवायचे, असं आईचं म्हणणं. छपाई दोन रंगांची होती, काळा आणि निळा. निळ्याचं काय करायचं यावर आमच्या घरात चर्चा झाली आणि आईने निकाल दिला. "इंग्रजी आपल्याकडे पाहुणी आहे. पाहुण्याला चांगलं ताट द्यावं. निळा रंग तिला द्या, अक्षरही जरा मोठं ठेवा." बाबांना ते पटलं, मला तर फारच पटलं. माझी ओळ निळ्या रंगात, ठसठशीत! आज मी भाषांतराची कामं करते आणि पानावर काय मोठं दिसतंय हे आधी बघते, पण तेव्हा आम्हा तिघांनाही हा केवळ पाहुणचार वाटला होता.

टायपिंग स्टेशनजवळच्या एका डीटीपीवाल्याकडे व्हायचं. त्याच्या कॉम्प्युटरवरचा मराठी फॉन्ट दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरला ओळख देत नसे. एकदा हौसेने मेल केला तर ताईला नुसते चौकोन आणि टिंबं दिसली. त्यामुळे पुस्तकं कागदावरच जायची. कोणी तिकडे निघालंय असं कळलं की आई लोणच्याची बरणी आणि पुस्तकांचा गठ्ठा घेऊन त्यांच्या दारात हजर. ताईच्या मैत्रिणींनी ती पाहिली, त्यांनी मागितली. मग त्यांच्या गावातल्या मराठी मंडळींनी, जी रविवारी एका हॉलमध्ये मुलांना मराठी शिकवत, त्यांनी वर्गासाठी नवं पुस्तक मागवलं. 'कानटोपी कुठे गेली?' हे ते पुस्तक. प्रेसच्या शेठने बाबांना मशीन वापरायची परवानगी दिली, छपाईच्या प्लेटी बनल्या आणि त्याच सुमाराला ताईचं पत्र आलं की नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघं तीन आठवडे येतोय. आईने घरातले पडदेसुद्धा धुतले. ईराला आपली पुस्तकं पाठ असतील, ती आपल्याशी बोलेल, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती आणि ती तिने कोणाला सांगितली नाही तरी सगळ्यांना कळत होती.

ईरा आली. साडेचार वर्षांची, कुरळ्या केसांची, बाबांसारख्या जाड भुवयांची. तिने आईकडे बघितलं आणि ताईच्या पायामागे लपली. पहिले काही दिवस तसेच गेले. आईने घावणे केले, नारळाचा रस केला. ईराने ते मिटक्या मारत खाल्लं, पण बोलली ती ताईशी, इंग्रजीत. रोज सकाळी मासळी घेऊन येणारी गावातली हौसाबाई दारात टोपली टेकून विचारायची, "पोर बोलत न्हाय काय गो बाई? मुकी हाय का?" आई म्हणायची, "बोलेल, बोलेल, लाजतेय." मग एका दुपारी आईने धीर केला. ईराला मांडीवर घेतलं, जुन्यातलं एक पुस्तक उघडलं आणि आपल्या बालवाडीतल्या आवाजात वाचायला लागली. ईराने पान बघितलं. मग तिने आपला इवलासा तळहात वरच्या दोन ओळींवर ठेवला, त्या झाकल्या आणि म्हणाली, "आजी, नो. रीड द ब्लू वन."

आईने ती निळी ओळ वाचायचा प्रयत्न केला. एकेक अक्षर लावत. ईरा ऐकत होती, मग तिने आईचा उच्चार सुधारला, अगदी प्रेमाने. आई हसली. पुस्तक संपलं, ईरा उतरून खेळायला गेली आणि आई तशीच बसून राहिली. मी चहा केला तो तिने घेतला नाही. संध्याकाळी तिने ताईला विचारलं, "तू घरी वाचतेस तेव्हा काय वाचतेस?" ताईने हातातला ईराचा फ्रॉक बाजूला ठेवला. मग ती म्हणाली, "आई, खरं सांगू? मी कामावरून येते, स्वयंपाक करते, तिला झोपवायला घेते तेव्हा माझ्यात काही उरलेलं नसतं. सुरुवातीला दोन्ही वाचायचे. मराठी वाचताना ती ऐकायचीच नाही, इंग्रजीची वाट बघत बसायची. तिला माहीत असतं ना, की तेच पुन्हा येणार आहे सोपं करून. मग मीही सोडलं. डोळा आपोआप खाली जातो. केवढं मोठं छापलंय तुम्ही ते!" आणि ताईला रडू आलं. "मला काय वाटत नाही का, तिने तुझ्याशी बोलावं?" आईने तिच्या पाठीवर हात फिरवला.

रात्रीच्या जेवणाला आईने बाबांना सांगितलं, "उद्या मशीन लावू नका." बाबांचा घास हातातच राहिला. प्लेटी तयार, कागद कापलेला, तिकडचा वर्ग वाट बघतोय. "मग इंग्रजी काढून टाकू?" त्यांनी विचारलं. मी उसळले. इंग्रजी काढलं तर सुब्बूरावांसारख्यांनी काय करायचं? ज्यांना अर्थच कळत नाही ते वाचणार कशाला? मला इंग्रजीपेक्षा माझ्या ओळींची काळजी जास्त होती हे खरं, पण मुद्दा चुकीचा नव्हता आणि आईलाही उत्तर सापडत नव्हतं. ठेवलं तर मराठी कोणी ऐकत नाही, काढलं तर पुस्तकच कोणी उघडत नाही. तिने हात टेकले असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

उत्तर सापडलं ते सुब्बूरावांमुळे, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही. शनिवारी दुपारी ताई आणि मी मीरा रोडला खरेदीला गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं आईकडून ऐकलेलं. सुब्बूराव ईराला घेऊन आतल्या खोलीत पडले होते आणि आई दारापाशी मटार सोलत बसली होती. आतून मराठी ऐकू यायला लागली. तमिळ चालीची, भलत्याच अक्षरावर जोर देणारी, पण मराठी. घरी शनिवारचं वाचन त्यांच्याकडे असे. ते रोमन ओळ मोठ्याने म्हणत. त्यांना तिचा अर्थ कळत नसे, मग ते मनातल्या मनात खालची निळी ओळ वाचत आणि 'मांजर जिना चढली' असेल तर ईराच्या हातावर दोन बोटांनी चढत जात. निळी ओळ ते तोंडाने म्हणतच नसत. त्यांना वाटायचं, ती बापासाठी आहे. आणि ईरा खिदळत होती. पुढचं पान उलटायच्या आधी ती बापाच्याच चालीत म्हणाली, "मांजर कुठे?" आईच्या मांडीवरचे मटार खाली सांडले.

आम्ही आलो तेव्हा आई कात्री आणि खळीची वाटी घेऊन बसलेली. 'कानटोपी'चं छापून पाहिलेलं एक कच्चं पुस्तक तिच्यासमोर होतं आणि प्रत्येक निळ्या ओळीवर ती पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवत होती. "अमू, तुझं इंग्रजी कुठे जात नाही," ती मला म्हणाली. "ते शेवटच्या पानावर जाईल, सगळं एकत्र, बारीक अक्षरात. आई-बापांनी आधी वाचून ठेवायचं. पोराच्या कानावर पडायचं ते मराठीच. आणि अर्थ सांगायचा चित्राने नाहीतर हाताने." तिने माझ्या चित्रांवर बोट ठेवलं. "कपाटात बघितलं असं लिहिलंय आणि तू नुसतं बंद कपाट काढलंयस. त्यातून कळायचं काय? दार उघड, आत मुलीचं डोकं घाल." मला राग आला होता, पण ती बरोबर होती. शिवाय तिने आणखी एक बदल केला. गोष्टीत कानटोपी हरवते आणि सगळे शोधतात. आधी दर पानावर 'कपाटात टोपी सापडली नाही', 'टोपात टोपी सापडली नाही' अशी वाक्यं होती. ती कापून तिने केलं, 'कपाटात आहे?' आणि पान उलटलं की मोठ्या अक्षरात एकच शब्द, 'नाही!' "हा शब्द वाचणाऱ्याने म्हणायचाच नाही," आई म्हणाली. "थांबायचं. चार वर्षांच्या पोराला नाही म्हणायची संधी दिली तर ते सोडेल का?"

दुसऱ्या दिवशी ईरा पट्ट्या लावलेलं पुस्तक घेऊन आईच्या मांडीवर बसली. पट्टी नखाने उचकटायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही. तिने आईकडे बघितलं. आईने घाई केली नाही. डोक्यावर हात ठेवून टोपी दाखवली, मग कपाळाला हात लावला. "कानटोपी कुठे गेली?" मग माझं नवं चित्र. "कपाटात आहे?" आणि आई थांबली. समोरच्या गाळ्यात पातेली ठोकली जात होती, आम्ही सगळे काही ना काही काम करत असल्याचं सोंग करत होतो. आईने पान उलटलं. उघड्या कपाटात टोपी नव्हती. ईरा म्हणाली, "नाही." हळू, विचारल्यासारखं. आईने गंभीरपणे मान हलवली, "नाही! बरं, टोपात आहे?" "नाही!" "बुटात आहे?" "नाही, नाही, नाही!" शेवटच्या पानापर्यंत ती ओरडत होती आणि हौसाबाई दारातून म्हणाली, "आता सांगा हिला, गप गो बाय!"

प्रेसमध्ये काळ्या रंगाच्या प्लेटी बहुतेक पुन्हा कराव्या लागल्या आणि निळ्याच्या तर सगळ्याच. बाबा कुरकुरले, पण आता निळा रंग अक्षरांतून मोकळा झाला होता, तो टोपीला दिला. काळ्या-पांढऱ्या घरात एकच निळी टोपी, सगळ्या पानांवर नसलेली आणि शेवटी मुलीच्या डोक्यावरच असलेली. सुब्बूराव छपाई बघायला गाळ्यात गेले आणि दोघं सासरे-जावई आपापल्या हिंदीत रंगाबद्दल हुज्जत घालत राहिले. बाबांना त्यांच्याबद्दल खरा आदर वाटायला लागला तो तेव्हापासून. जाताना ताईच्या बॅगेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. ईराने विमानतळावर आईला मिठी मारली, पण त्या मिठीला शब्द नव्हते. आई टॅक्सीत म्हणाली, "एक नाही आणि चार-दोन शब्द. पुन्हा तिकडे गेली की विसरेल." मी तिला समजावलं नाही. मलाही तसंच वाटत होतं आणि वाईट वाटत होतं.

पुढचे रविवार फोनवर कपाटात आहे, नाही, बुटात आहे, नाही, असेच गेले. आई रोज नव्या जागा शोधून ठेवायची. ते बोलणं नव्हतं, खेळ होता, हे तिला कळत होतं. मग एका रविवारी फोन भलत्याच वेळी वाजला. आई न्हाऊन ओल्या केसांनी आली, तिने रिसीव्हर उचलला आणि तिकडून एकदम मोठ्याने रडणं ऐकू आलं. घाबरून तिने विचारलं, "वैजू? काय झालं गं?" ताई नव्हतीच. "आजी," ईरा हुंदके देत म्हणाली, "मला लागलं."

हे वाक्य आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आमच्या इमारतीच्या पायरीवर पोरं पडायची आणि आपापल्या आईकडे हेच ओरडत धावायची, ते तिने कधी उचललं कोण जाणे. आई भिंतीला टेकून खाली बसली. "कुठे लागलं माझ्या बाळाला?" "पाय." "रक्त आलं?" "नाही." "मग आईला सांगितलंस?" थोडा वेळ नुसतं मुसमुसणं. मग ती म्हणाली, "नाही. आजी." मागून ताईचा आवाज येत होता, ती दार उघडून धावत येत असावी, आमचा नंबर लागावा म्हणून ताईने फोनवर एक बटण ठरवून ठेवलं होतं, तेच ईराने कोणालाही न विचारता दाबलं होतं. आईला तिचा गुडघा दिसत नव्हता, हळद लावता येत नव्हती, काहीच करता येत नव्हतं. तिने रिसीव्हर दोन्ही हातांत धरला, तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटून त्यात हळूच फुंकर घातली. तिकडचं रडणं थांबलं.  मग साता समुद्रापलीकडून, नाक ओढत, ईरा म्हणाली, "अजून."